पानं नसलेलं झाड फोटोवरून ओळखायचं तर आधी काय बघावं?

प्रश्न: मार्च महिन्यात खडकाळ उतारावर काढलेला फोटो जोडला आहे. झाडाला एकही पान नाही. खोड पांढरं आहे आणि सालीचे पापुद्रे निघत आहेत. फक्त साल, फांद्या आणि खोडाचा आकार यांवरून हे कोणतं झाड ते सांगता येईल का?

उत्तर: हो, बऱ्याच खात्रीने सांगता येईल. हा कांडोळ आहे. काही जण कहांडोळ म्हणतात, शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया युरेन्स. थोडी शंका उरते ती सालईची. ती कुठून येते आणि कशी फेडायची तेही सांगतो.

पांढरं खोड दिसलं की बहुतेक जण तिथेच थांबतात आणि नेमके तिथेच फसतात. फोटोतल्या रंगावर फार भरवसा ठेवू नका. दुपारच्या उन्हात राखाडी खोडही पांढरं येतं, दगडफुलाने झाकलेली साल पांढरी दिसते, ओली साल दोन छटा गडद होते. शिवाय खरोखरच फिकट सालीची झाडं पानगळीच्या जंगलात चार-पाच तरी आहेत: कांडोळ, सालई, धावडा, नाणा, अर्जुन. म्हणून रंगापेक्षा साल सुटते कशी, हे बघायचं.

खोड आतून जाड होत जातं, पण बाहेरचा मृत थर ताणला जात नाही. त्याला एक तर फाटावं लागतं किंवा गळून पडावं लागतं. ऐनाची साल जाड, ती फाटते. उभ्या-आडव्या खोल भेगा पडून तिचे चौकोनी ठोकळे होतात. धावड्याच्या सालीच्या लहान, वेड्यावाकड्या खपल्या पडतात आणि जागोजाग उथळ खळगे उरतात. नाण्याचे पापुद्रे लांब, खोडही सरळ उंच गेलेलं. तुमच्या झाडाचे पापुद्रे अगदी पातळ आहेत, कडा बाहेर वळल्या आहेत आणि जिथे पापुद्रा नुकताच गळला आहे तिथे हिरवट छटा दिसते. फोटो मोठा करून पहिल्या फांदीच्या खाली डाव्या बाजूला बघा, तिथे एक पापुद्रा अर्धा लटकतोय आणि त्याच्यामागची जागा गुळगुळीत, फिक्या हिरव्या रंगाची आहे. खोलगट खळगा कुठेच नाही, म्हणजे धावडा बाद.

साल बघताना एक पथ्य पाळा: बुंध्यावरून निर्णय देऊ नका. बुंध्याची साल सगळ्यांत जुनी असते. तिला वणवा लागलेला असतो, गुरांनी अंग घासलेलं असतं, कुणी कुऱ्हाड मारलेली असते. छातीच्या उंचीपासून पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतचा पट्टा सर्वांत बोलका. कोवळ्या झाडाची साल मात्र पुष्कळदा मोठ्या झाडाहून निराळी असते, तेव्हा हे सगळे ठोकताळे वाढलेल्या झाडापुरतेच धरा.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: फांद्यांची टोकं. सालीच्या नादात त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ई. जे. एच. कॉर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये एक साधा नियम मांडला होता: डहाळी जितकी जाड, तितकं तिच्यावरचं पान मोठं. मोठं पान पेलायला आणि त्याला पाणी पुरवायला जाड डहाळी लागते. त्यामुळे पान गळून गेलं तरी ते लहान होतं की मोठं याचा अंदाज टोकावरून बांधता येतो. फोटोत मोजपट्टी नसली तरी चालतं, शेजारच्या झाडाशी तुलना करायची. तुमच्या फोटोत मागे उजवीकडे जे झाड आहे त्याच्या डहाळ्या बारीक होत होत आकाशात विरून जातात; त्याची पानं लहान असणार. तुमच्या झाडाच्या फांद्या मात्र टोकापर्यंत जाडच राहतात आणि एकदम बोथट संपतात. टोकापाशी बारीक उंचवट्यांची दाटी दिसते, ते गळलेल्या पानांचे वण. म्हणजे पानं मोठी होती आणि फांदीच्या टोकाशी झुबक्याने येत होती. इथे नाणा, धावडा आणि अर्जुन तिन्ही मागे पडतात, कारण त्यांच्या डहाळ्या इतक्या जाड नसतात आणि पानं अशी झुबक्यात येत नाहीत.

खोडाचा आकार मी शेवटी बघतो, कारण तो झाडाच्या जातीइतकाच जागेवर ठरतो. एकच जात दाट जंगलात सरळ उंच जाते आणि मोकळ्या उतारावर बुटकी, पसरट होते. तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटलेलं झाड तर दोन-तीन खोडांचं होतं आणि त्याच्या आकारावरून काहीच ठरवता येत नाही. तुमचं झाड एकखोडी आहे. बुंधा आखूड आणि जाड, वर मोजक्याच पण दणकट फांद्या, त्याही वळणं घेत पसरलेल्या. खडकाच्या फटीत मूळ रोवून उभा असलेला कांडोळ असाच दिसतो. पण हा पुरावा फक्त दुजोऱ्यापुरता वापरा.

राहिली सालई. तिचीही साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, आत हिरवट असते, पानं टोकाशी गर्दी करतात आणि जागाही हीच, कोरडे खडकाळ उतार. म्हणूनच खरा गोंधळ हिच्याशी होतो. सालईचं खोड सहसा राखाडी-हिरवट, कांडोळाचं त्याहून पांढरं आणि चकचकीत. सालईच्या डहाळ्या कांडोळापेक्षा बारीक आणि संख्येने जास्त. या दोन्ही बाबतींत तुमचा फोटो कांडोळाच्या बाजूने आहे, पण फरक कमी-अधिकाचा आहे, होय-नाहीचा नाही. निव्वळ फोटोवरून मी याच्या पुढे जाणार नाही.

पुन्हा तिथे जाणं झालं तर खोडावर जुनी जखम शोधा. दोन्ही झाडांतून डिंक काढतात, त्यामुळे खाचा आणि वाळलेला डिंक सापडण्याची शक्यता बरीच आहे. नवी खाच पाडू नका, गरज नसते. वाळलेला खडा बोटांत चोळून हुंगा. सालईला धुपाचा वास येतो. कांडोळाच्या डिंकाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो आणि त्याचा तुकडा पाण्यात टाकला तर विरघळण्याऐवजी फुगून बुळबुळीत होतो.

फोटो घेताना तीन घ्या: पूर्ण झाड बाजूला सरकून मोकळ्या आकाशासमोर, छातीच्या उंचीवरची साल शेजारी हात ठेवून, आणि एका फांदीचं टोक जितकं जवळून मिळेल तितकं. झाडाखालचा पाचोळाही उलटून बघा, पण त्यातलं पान वरच्याच झाडाचं असेल असं गृहीत धरू नका. उतारावर वारा आणि पाणी दुसरीकडची पानं आणून टाकतात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर फांद्यांवर पाच पाकळ्यांची चांदणी असावी तशी लाल, लवदार फळं दिसतील. ती कांडोळाचीच. त्यांना हात लावू नका, ती लव टोचते आणि कातडीची आग होते.

फळं हुकली तर पावसाच्या सुरुवातीला नवी पानं येतील तेव्हा एक फोटो पुरेल. पंजासारखं पाच खंडांचं एकच मोठं पान असेल तर कांडोळ. एका देठावर दोन्ही बाजूंना दातेरी कडांच्या पुष्कळ पर्णिका असतील तर सालई, आणि तसं निघालं तर इथे जरूर टाका, मी उत्तर बदलेन.