तसदीबद्दल क्षमस्व, पण क्लायंटच्या मेलमध्ये नको

अरे तुझा ड्राफ्ट वाचला. 'सॉरी टू डिस्टर्ब यू सर, आय हम्बली रिक्वेस्ट यू टू काइंडली चेक द सेम ॲट युअर कन्व्हीनियन्स'. मराठीत 'तसदीबद्दल क्षमस्व, सवडीने पाहून कळवावे ही नम्र विनंती' एकदम शोभून दिसतं, पण इंग्रजीत तेच शब्दाला शब्द लावून नेलंस की लंडनमधल्या क्लायंटला वाटतं हा माणूस घाबरलाय किंवा काहीतरी लपवतोय. आणि 'ॲट युअर कन्व्हीनियन्स' म्हणजे घाई नाही असंच तो धरणार, मग शुक्रवारी छपाईच्या वेळी तूच बोंबलणार.

नम्रपणा सोडू नकोस, फक्त तो विशेषणांतून काढून समोरच्याचं काम हलकं करण्यात घाल. म्हणजे बघ, 'हाय मार्क, कुड यू चेक द प्राइस टेबल ऑन पेज 4 बाय थर्सडे? वी प्रिंट ऑन फ्रायडे. एव्हरीथिंग एल्स इज अनचेंज्ड.' कुठलं पान, कधीपर्यंत, का, आणि बाकीचं वाचायची गरज नाही, सगळं आलं. 'कुड यू' मध्ये पुरेसा आदर आहे रे, त्यावर परत 'काइंडली' चढवलं तर उलट दटावल्यासारखं वाटतं.

माफी मात्र खरंच चूक झाली असेल तरच माग, एकदाच, आणि नेमकं काय चुकलं ते सांगून: 'सॉरी, आय सेंट द ओल्ड फाइल. द करेक्ट वन इज अटॅच्ड.' आभारही तसेच, 'थँक्स फॉर स्पॉटिंग द राँग डेट'. आणि हो, जपानी क्लायंट असेल तर एवढं थेट जाऊ नकोस, तिथे थोडी प्रस्तावना चालते.