पळायचे बूट आणि आडवी उडी

माझे पळायचे बूट चार महिन्यांचेच आहेत. सरळ धावताना काही त्रास नाही, पण क्लासमध्ये स्केटर जंप करताना उजवा पाय बाहेर कलंडतो. दोष बुटाचा की माझा?

खरं तर दोघांचाही नाही. धावताना पाय पुढेच जातो, त्यामुळे पळायचा बूट त्या एकाच दिशेचा विचार करून बनवलेला असतो. टाचेखाली बऱ्याचदा ३० मिलिमीटरहून जाड मऊ फोम असतो, टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि वर हलकी, ताणली जाणारी जाळी.

आता उडी बघा. तुम्ही डावीकडून झेपावून उजव्या पायावर उतरता. बूट जमिनीला धरून थांबतो, अंग मात्र उजवीकडे जातच राहतं. बाहेरच्या कडेचा फोम दबतो, जाळी ताणते आणि पाऊल तळावरून घसरून कडेवर येतं. करंगळी बुटाच्या भिंतीवर दाबली जाते, ती ही वेळ. त्यापुढे तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा असाच. तळ जितका उंच, तितकं कलंडणं सोपं. मी हे एका गुबगुबीत बुटात शिकलो आणि पुढचे तीन आठवडे कठड्याला धरून जिना उतरलो.

घरी तपासायचं तर बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच बाहेर झुकलेली दिसली किंवा करंगळीखालच्या फोमवर खोल सुरकुत्या पडल्या असतील, तर ती कड बसली आहे. नाडी घट्ट बांधून हे सुटत नाही. पायाचा वरचा भाग तेवढा दुखतो.

आमचा क्लास ५० मिनिटांचा. १२ मिनिटं ट्रेडमिल, २० मिनिटं उड्या आणि आडव्या हालचाली, बाकी वजनं. एकच जोड घ्यायचा आहे, कोणता घेऊ?

ट्रेनिंग शूज. बरेच जण हिशेब वेळेचा किंवा पावलांचा करतात आणि तिथेच फसतात. मिनिटाला १६० पावलं धरली तर १२ मिनिटांत १,९२० पावलं होतात, म्हणजे एका पायाला ९६०. आडव्या उड्या ४० सेकंदांच्या तीन फेऱ्यांत, दोन सेकंदांना एक या दराने, जेमतेम ६०. आकडा बघून पळायचे बूट घ्यावेसे वाटतात. पण धावण्याचा ताण हळूहळू साठतो आणि दुखून आधी सूचना देतो. आडव्या उडीत घोटा एकाच उतरण्यात जातो. म्हणून एकच जोड घ्यायचा असेल, तर सगळ्यात धोक्याच्या मिनिटांसाठी घ्यायचा.

ट्रेनिंग शूजचा तळ बुटका, रुंद आणि टणक असतो, टाच-चवड्यातला फरक बहुधा ० ते ६ मिलिमीटर, आणि बाजूला पाऊल अडवणारी पट्टी किंवा तळाचीच वर आलेली कड असते. वजनं उचलतानाही त्यात पाय डुगडुगत नाही. १२ मिनिटांचं धावणं त्यात निभतं.

ट्रेनिंग शूज घेतले आणि आता ट्रेडमिलवर नडगी दुखते. क्लासनंतर मी अर्धा तास पळतो.

तो अर्धा तासच कारण असण्याची शक्यता जास्त. टणक तळ दणका कमी शोषतो. शिवाय टाच खाली आल्यामुळे पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला प्रत्येक पावलाला जास्त ताणावं लागतं. सलग २० मिनिटांच्या वर पळत असाल तर दुसरा जोड हवाच; ट्रेडमिलवर चढण्याआधी बूट बदला. (हो, पिशवी जड होते.) दुखणं नडगीच्या कडेला लांबवर पसरलेलं असेल तर पळणं कमी करून बघा. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी नेमकं दुखत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते हाडाला गेलेल्या बारीक तड्याचं लक्षण असू शकतं.

दुकानात बूट घालून चार पावलं चाललं की सगळेच छान वाटतात. मग ओळखायचं कसं?

चालू नका, आडवे सरका. एका पायावर उभं राहून बाहेरच्या बाजूला जोर द्या; पाऊल आतल्या आत सरकून करंगळी भिंतीवर चढली तर तो बूट परत ठेवा. मग चवड्यावर दोन छोट्या उड्या मारा, टाच बुटातून वर सुटता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवा, तो बोटांच्या सांध्यापाशी वाकायला हवा. मधोमध घडी पडली तर नको. मोजे क्लासचेच घाला आणि शक्यतो संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात.

उंच कॉलरचे, घोटा झाकणारे बूट घेतले तर मुरगळणार नाही ना?

त्या भरवशावर राहू नका. पाऊल कडेवर येतं ते खाली, तळापाशी, आणि मऊ कॉलरला ते अडवता येत नाही. आधी तळाची रुंदी बघा.