जड टेलिफोटो लेन्ससाठी ट्रायपॉडचे हेड

प्रश्न: २ किलोच्या टेलिफोटो लेन्ससाठी बॉल हेड घ्यावे की पॅन-टिल्ट, आणि ते किती वजन पेलणारे असावे?

उत्तर: विषय स्थिर असेल तर मी पॅन-टिल्ट निवडेन. बॉल हेडचा मुख्य नॉब सैल करताच सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात आणि लांब लेन्स झपकन पुढे कलंडते, तर पॅन-टिल्टमध्ये प्रत्येक दिशा स्वतंत्रपणे आवळता येते. कॅमेऱ्यासह भार ३ किलो होत असल्यास किमान ९ किलो क्षमतेचे हेड घ्यावे, कारण लेन्सचा भार मध्यापासून दूर गेला की छापील आकडा फारसा उपयोगी राहत नाही. म्हणूनच ट्रायपॉडला कॅमेरा नव्हे, तर लेन्सभोवती बसणाऱ्या कड्याचा, म्हणजे लेन्स कॉलरचा, पाया जोडावा. आवळल्यानंतरही कॅमेऱ्यात दिसणारी चौकट खाली सरकत असेल, तर हेड अपुरे आहे. (उडत्या पक्ष्यांसाठी मात्र गिंबल हेडच बरे.)