आजीचा मुका फोटो आणि साक्याचे आंबे

*तुमच्या आजीने कधी एक अक्षरही न लिहिता नुसता फोटो पाठवला आहे का? त्याचा अर्थ कळेपर्यंत घरात काय गोंधळ झाला?*

पाठवलाय. मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी चारच्या सुमारास. मी पुण्यात ऑफिसात होतो. फोटोत विळीशेजारी अर्धा कापलेला आंबा, तो धरलेली आजीची बोटं, आणि बोटं लालभडक. खाली काही नाही. आजीला टाईप करता येत नाही, ती एरवी बोलून पाठवते, आणि तेही "हॅलो, हॅलो, आहेस का" इथपासून सुरुवात करून. त्यामुळे नुसता फोटो म्हणजे आक्रीतच होतं.

मी फोन लावला, लागला नाही. आमचं घर राजापूर तालुक्यात, खाली खोलगटात आहे. रेंज हवी तर सड्यावर चढून जावं लागतं. हे माहीत असूनही मी सहा वेळा लावला आणि मग फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ही माझी चूक.

डोंबिवलीच्या काकाने एका मिनिटात निकाल दिला: विळीवर हात कापलाय, रक्त बघा. बाबा म्हणाले, हात कापल्यावर कोण फोटो काढत बसेल? त्यावर काका म्हणाला, आई काढेल. हे कुणालाच खोडता येईना. आत्याचं मत वेगळंच. तिच्या मते हा टोमणा होता: "तुम्ही सगळे तिकडे, मी एकटीच इथे आंबा कापून खातेय." आत्याला प्रत्येक गोष्टीत टोमणा दिसतो, पण आत्या बऱ्याचदा बरोबरही असते, त्यामुळे मला खरंच अपराधी वाटलं. साडेपाचपर्यंत काका रात्रीच्या गाडीचं तिकीट बघत होता.

शेवटी मला स्टॉपवरचा दुकानदार आठवला. त्याच्याकडे रेंज असते. त्याने मोटरसायकल काढली, आजीला मागे बसवून सड्यावर आणलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"कसला हात? रातांबे फोडत्ये चार दिवस. डाग काय लगेच जातात होय?"

कोकमाचा हंगाम! रातांबे फोडून सालं रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा भिजवायची, असं पाच-सहा दिवस चालतं, आणि तेवढे दिवस बोटं खाटकासारखी दिसतात. कोकणातली तीन मोठी माणसं ग्रुपवर होती, एकालाही हे आठवलं नाही.

"मग फोटो कशाला पाठवलास?"

"अरे, एवढं बोलले ना मी त्यात! ऐकलं नाहीस?"

तिने सकाळी घरातच फोटो पाठवला होता आणि मग मिनिटभर बोलली होती. पण माईकचं बटण दाबून धरायचं असतं. तिने ते एकदा टिचकावलं आणि ताटाशी बसल्यासारखी निवांत बोलत राहिली. काहीच रेकॉर्ड झालं नाही. फोटो मात्र रेंजची वाट बघत पडून होता. दुपारी ती वाळत घातलेली सोलं परतायला सड्यावर गेली, फोन कमरेला, तेव्हा तो आपोआप निघाला. ती खाली उतरली आणि इकडे आमची बैठक सुरू झाली.

आता ती काय बोलली होती ते. "तुझ्या पेटीत गडग्याकडच्या कलमाचे आंबे गेलेत. साका आहे त्यात. कोणाला देऊ नको. द्यायचेच तर आधी कापून बघ."

ज्यांचा हापूसशी संबंध फक्त बाजारात येतो त्यांच्यासाठी सांगतो. साका म्हणजे कोयीच्या भोवतीचा गर फिकट, पांढुरका आणि भुसभुशीत होतो, चवीला आंबट लागतो आणि वासही उतरतो. ही कीड नाही, बुरशीही नाही. खरा घात हा की बाहेरून काहीही कळत नाही. साल केशरी, देठाजवळ वास उत्तम, दाबून पाहिलं तरी बरोबर. कापल्याशिवाय छडा लागत नाही. मग मी फोटो मोठा करून पाहिला. कोयीच्या कडेने पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता. तो दोन तास आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्ही बोटं बघत होतो.

कारणही आजीने सांगितलं. आंबा चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट काढायचा आणि लगेच सावलीत न्यायचा, हा तिचा नियम. या वर्षी गडी आठ दिवस उशिरा आला, तोही भर दुपारी, आणि काढलेले आंबे त्याने कातळावरच रचून ठेवले. मेमधल्या कातळावर अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे कळेल. जास्त पिकू दिलेलं फळ आणि तापलेल्या जमिनीची धग, दोन्हींनी साका वाढतो हे अभ्यासकही सांगतात. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार आवडलं: फळ झाडावर फार राहिलं की आत कोय रुजायची तयारी करू लागते आणि भोवतीच्या गरातून ओढून घेते. म्हणजे आपण आंबा खाण्याआधी त्याचं पोरच तो खायला लागतं.

यावर तोडगा म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये 'रत्ना' आणला, नीलम आणि हापूस यांचा संकर. त्यात साका होत नाही. आजोबांनी एक कलम लावलं होतं. आजी त्याचे आंबे शेजाऱ्यांना वाटते. "साका नाही ते खरं, पण हापूस आहे का तो?" एवढंच तिचं म्हणणं. मला रत्ना आवडतो, पण हे गावात बोलायची सोय नाही.

प्रश्न एवढाच उरला की पेटी चार डझनांची होती आणि त्यातला एक डझन मी सोमवारीच साहेबांना नेऊन दिला होता. घरी जाऊन उरलेल्यांतले बारा कापले. पाचांत साका निघाला. सुट्या, बऱ्या गराच्या फोडी करून फ्रिजमध्ये टाकल्या आणि साहेबांना फोन केला.

साहेब मूळचे लखनौचे, दशहरीवर वाढलेले. म्हणाले, "अहो, सगळे संपले. फार छान! आत कोयीपाशी ते पांढरं, आंबटसर असतं, तीच हापूसची खासियत ना? बायकोला म्हटलं, हा भाग चावून खायचा असतो."

हे मी आजीला सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सड्यावर चढली, बटण नीट दाबून धरलं आणि एक मिनिट वीस सेकंद बोलली. त्यातलं "लखनौच्या माणसापुढे अब्रू घालवलीस" एवढंच इथे लिहिता येईल. आठवड्याने दोन डझनांची पेटी आली, विहिरीजवळच्या जुन्या कलमाची, सकाळी उन्हाआधी उतरवलेली, पेंढ्यात गुंडाळलेली. वर पेनाने साहेबांचं नाव. माझ्यासाठी त्यात एकही नव्हता.