रेझ्युमेचे बुलेट पॅराग्राफमध्ये लिहिताना: आकडे टिकतात, मधले शब्द घोळ करतात

प्रश्न: बॅकएंड डेव्हलपर आहे, स्वतःची वेबसाइट बनवतोय, मराठीतच. खालचे तीन बुलेट 'माझं काम' पानावर सलग वाचता येतील असे लिहायचेत. लिहायला बसलो की एकतर आकडे गळतात नाहीतर शाळेतला निबंध होतो.
• शाखांच्या रिपोर्टचा लोडिंग टाइम ४.२ सेकंदांवरून ०.६ सेकंदांवर आणला (८५% सुधारणा)
• ४ जणांच्या टीमचं नेतृत्व करून ऑरेकलवरून पोस्टग्रेसवर मायग्रेशन, झीरो डाउनटाइम
• टेस्ट कव्हरेज ३५% वरून ७२%, प्रॉडक्शन बग ४०% कमी

---

आधी मी जे विचारलं होतं त्याची उत्तरं तुम्ही कमेंटमध्ये दिलीत ते बरं झालं, ती धरूनच लिहितोय.

आकडे गळतात हे खरंय, पण गळलेला आकडा परत टाकता येतो हो, त्यात काय. खरी गडबड उलट बाजूने होते. बुलेट नुसते एकाखाली एक बसलेले असतात, त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते कोणी सांगत नाही आणि वाचणारा पण विचारत नाही. पॅराग्राफ करायला घेतला की मध्ये 'त्यामुळे', 'म्हणून', 'मग', 'त्याच कामात' असलं काहीतरी घालावंच लागतं, नाहीतर ते वाचवत नाही, आणि यातला प्रत्येक शब्द हा नवीन दावा असतो जो तुमच्या रेझ्युमेत कधी नव्हताच.

तुमचा तिसरा बुलेट घ्या. कव्हरेज वाढलं, कॉमा, बग कमी झाले. त्या कॉमाने काहीच कबूल केलेलं नाही. आता हेच वाक्य कोणीही सहज लिहील तसं लिहा, 'मी टेस्ट कव्हरेज ३५ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर नेलं आणि त्यामुळे प्रॉडक्शनमधले बग ४० टक्क्यांनी घटले'. वाचायला झकास. पण तुम्हीच सांगितलंत की बग तिमाहीला २० होते ते १२ झाले आणि त्याच तिमाहीत रिलीज दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी एकदा व्हायला लागले होते. म्हणजे रिलीजच निम्मे झाले, तर बग थोडेफार तसेही कमी होणारच ना, त्यात टेस्टचा वाटा किती आणि कमी रिलीजचा किती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. इंटरव्ह्यूला समोर कोणी मुरलेला माणूस असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो, त्या काळात अजून काय बदललं होतं? तेव्हा इथे 'त्यामुळे' काढायचं आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या, रिलीजची गोष्ट पण लपवायची नाही. आणि ४०% ऐवजी २० आणि १२ लिहा, लहान आकड्यांची टक्केवारी काढली की उगाच फुगते.

पहिल्या बुलेटला मात्र 'त्यामुळे' चालेल, कारण प्रत्येक शाखेला वेगळी क्वेरी जात होती ती एक केली आणि शाखा-तारीख असा इंडेक्स टाकला, दोन्ही एकाच दिवशी लाइव्ह गेलं, त्या आठवड्यात दुसरं काही गेलं नाही, आणि मोजणी आधी-नंतर एकाच डॅशबोर्डवर झाली. फक्त दोन्ही मिळून झालं असं लिहा, कारण क्वेरीने किती आणि इंडेक्सने किती हे तुम्ही वेगळं मोजलेलं नाही. ते कंसातलं ८५% उडवा. ४.२ वरून ०.६ म्हणजे हिशोबाने ८५.७ होतात, राउंड केलं तर ८६, आणि दोन्ही टोकं दिलेली असताना टक्के हवेत कशाला. रेझ्युमेत ते स्कॅन करणाऱ्याच्या डोळ्यात भरायला असतात, वाक्यात नुसते अडखळायला लावतात. त्यापेक्षा ४.२ ही सरासरी होती की पी९५ (म्हणजे १०० पैकी ९५ वेळा रिपोर्ट तेवढ्या वेळात उघडतो) ते सांगा, तुम्ही सरासरी म्हणालात, तर 'सरासरी' हा एक शब्द वाक्यात आलाच पाहिजे. तो बुलेटमध्ये पण नव्हता, म्हणजे इथे पॅराग्राफ तुमच्या बुलेटपेक्षा जास्त नेमका होतोय.

आता दुसरा, यात सगळ्यात जास्त माल आहे. बुलेटला कर्ता नसतो. 'नेतृत्व करून मायग्रेशन', केलं कोणी? मराठीत सलग लिहायचं म्हटलं की 'मी केलं', 'आम्ही केलं' नाहीतर 'झालं' यातलं एक निवडावंच लागतं, तिथे पळवाट नाही. म्हणून लिहायच्या आधी एका कागदावर काढा की कोणतं काम कोणाच्या हातचं होतं. तुमच्या उत्तरांवरून असं दिसतंय: ठरवलं कंपनीने, वाटणी आणि रिव्ह्यू तुम्ही, डेटा जुळतोय का बघणाऱ्या स्क्रिप्ट तुम्ही, स्टोअर्ड प्रोसीजर नव्याने लिहिल्या बाकी तिघांनी. मग 'नेतृत्व' हा शब्दच लागत नाही, काय केलं ते सांगितलं की कळतंच. '४ जणांची टीम' म्हणजे तुम्हाला धरून चार की सोडून चार हे पण बुलेटमधून कळत नाही, तुम्ही धरून म्हणालात, तर 'मला धरून आम्ही चौघं'. हे पान तुमचे जुने सहकारी पण वाचणार आहेत हे लक्षात असू द्या, रेझ्युमे ते कधी बघत नाहीत.

झीरो डाउनटाइमबद्दल जरा स्पष्टच बोलतो. कटओव्हरच्या रात्री २५ मिनिटं नवीन एन्ट्री बंद होत्या, जुना डेटा दिसत होता. काही जण याला झीरो डाउनटाइम म्हणतात, काही जण अजिबात म्हणणार नाहीत. बुलेटमध्ये जागा नव्हती म्हणून चाललं, इथे जागा आहे तर जे झालं ते लिहा, २५ मिनिटं हा माझ्या मते 'झीरो'पेक्षा भारी आकडा आहे कारण तो वाचून कळतं की तुम्ही खरंच तिथे बसलेला होतात.

'मी मी' जास्त होतंय ही तक्रार पण होती तुमची. सकर्मक भूतकाळात, म्हणजे केलं, टाकला, लिहिल्या असल्या क्रियापदात 'मी' गाळला तर कर्ता कोण ते कळतच नाही, 'इंडेक्स टाकला', कोणी? तिथे 'मी' ठेवायलाच हवा. पण 'काम करत होतो', 'शोधायला लागलो' यात 'मी' क्रियापदातच आहे, तिथून बिनधास्त काढा. एवढ्याने निम्मे 'मी' जातात आणि जिथे राहतात तिथे ते कामाचे असतात. 'करण्यात आलं' वाल्या सरकारी वाक्यांकडे मात्र पळू नका.

क्रमही बघा. रेझ्युमेत सहसा सगळ्यात ताजं वर असतं, सांगताना जुन्यापासून सुरू करा, तुमचे हे तीन बुलेट तसेच आहेत तर तोच क्रम ठेवा. आणि 'गेल्या वर्षी', 'सध्या' लिहू नका, वेबसाइटवरचं पान तीन वर्षं तसंच पडून राहतं आणि 'गेलं वर्ष' कुठलं ते कोणालाच कळत नाही. सरळ साल टाका.

हे सगळं धरून मी असं लिहिलं असतं:

'२०२२ मध्ये एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या बॅकएंडवर काम करत होतो. तिथे शाखांचा रोजचा रिपोर्ट उघडायला फार वेळ लागायचा. शोधायला लागलो तेव्हा दिसलं की प्रत्येक शाखेसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जातेय. मी त्या सगळ्यांची मिळून एक क्वेरी केली आणि शाखा व तारीख या दोन कॉलमवर एक इंडेक्स टाकला. या दोन बदलांमुळे तोच रिपोर्ट उघडायचा सरासरी वेळ ४.२ सेकंदांवरून ०.६ सेकंदांवर आला.

२०२३ मध्ये कंपनीने ऑरेकल सोडून पोस्टग्रेसवर जायचं ठरवलं. या कामावर मला धरून आम्ही चौघं होतो. कामाची वाटणी आणि कोड रिव्ह्यू माझ्याकडे होता, दोन्हीकडचा डेटा जुळतोय का ते तपासणाऱ्या स्क्रिप्ट मी लिहिल्या आणि स्टोअर्ड प्रोसीजर बाकी तिघांनी नव्याने लिहिल्या. बदलाच्या रात्री २५ मिनिटं नवीन नोंदी बंद ठेवाव्या लागल्या, जुना डेटा बघणं मात्र पूर्ण वेळ चालू होतं.

टेस्ट किती कमी आहेत हे याच कामात जाणवलं. वर्ष संपेपर्यंत आम्ही कव्हरेज ३५ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर नेलं, त्यातल्या बिलिंगच्या टेस्ट माझ्या. प्रॉडक्शनमधले बग तिमाहीला २० होते ते १२ वर आले. त्याच काळात रिलीज आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी व्हायला लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय टेस्टना देत नाही.'

बघा, एका वाक्यात एकच मोजमाप आहे, आणि 'वरून-वर' अशी दोन्ही टोकं एकाच वाक्यात आहेत, ती तोडली की पुढच्या वेळी एडिट करताना एक टोक हमखास पडतं. 'याच कामात जाणवलं' हा जोड मी घातलाय कारण तुम्ही तसं सांगितलंत, तसं झालं नसेल तर काढा आणि नुसतं 'त्याच वर्षी' लिहा. कंपनीचं नाव मुद्दाम घेतलं नाही, तुमच्या ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेचं कलम असेल तर अंतर्गत आकडे टाकायच्या आधी ते एकदा वाचा, कधी कधी नाव गाळून भागत नाही, आकडे पण गाळावे लागतात.

झालं की एक तपासणी करा. ज्याने तुमचा रेझ्युमे पाहिलेला नाही अशा कोणाला तरी हा मजकूर द्या आणि म्हणा की यातून बुलेट काढून दे. त्याचे बुलेट आणि तुमचे मूळ बुलेट शेजारी ठेवा. त्याच्याकडे आकडा नाही आला तर तो वाक्यात दबलाय, बहुतेक एखाद्या लांब वाक्याच्या मधोमध बसवलाय, वाक्य तोडा. आणि त्याच्याकडे तुमच्यापेक्षा मोठा दावा आला, समजा 'चार जणांचा मॅनेजर होता' किंवा 'बग टेस्टमुळे कमी झाले', तर कुठला तरी जोडशब्द जास्त बोलतोय. हा दुसरा प्रकार स्वतः वाचून सापडत नाही कारण आपल्याला खरं काय ते आधीच माहीत असतं.

टूल्सची यादी, सर्टिफिकेटं, शिक्षण यांना पॅराग्राफमध्ये कोंबू नका, त्यांची यादीच बरी दिसते, खाली ठेवा नाहीतर रेझ्युमेच्या पीडीएफची लिंक द्या. लिंक दिलीत तर आधी रेझ्युमेतला झीरो डाउनटाइम दुरुस्त करा, एकाच पानावर दोन वेगळ्या गोष्टी दिसायला नकोत.

आणि एक राहिलं, ४.२ सेकंद हे ब्राउझरमध्ये रिपोर्ट दिसेपर्यंत धरलेत की सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत? 'लोडिंग टाइम' म्हणालात म्हणून मी 'उघडायला', 'उघडायचा' लिहिलंय. डॅशबोर्ड सर्व्हरचा असेल तर ती दोन्ही वाक्यं बदलावी लागतील, जुन्या तिकिटात बघून इथे टाका.