पित्त 'झालं' की 'उठलं'?

प्रश्न : रुग्ण 'पित्त झालंय' किंवा 'पित्त उठलंय' म्हणतात, तेव्हा दोन्हीकडे अ‍ॅसिडिटीच समजायची ना? पित्ताला नेमका वैद्यकीय शब्द कोणता?

नाही, आणि ही गल्लत ऐकून ऐकून कान किटले आहेत. मराठी माणूस 'पित्त' या नामावर फारसा भार टाकत नाही, अर्थ क्रियापद सांगतं. पित्त झालं म्हणजे छातीत-घशात जळजळ, आंबट ढेकर; ती तुमची अ‍ॅसिडिटी. पित्त पडलं म्हणजे उलटीत कडू, पिवळं पाणी आलं. तिथे मात्र यकृतातलं खरं पित्त असू शकतं. आणि पित्त उठलं म्हणजे अंगावर खाजणाऱ्या लालसर गांधी आल्या. त्याला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात आणि त्याचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. तिथे हिस्टामिन नावाचं द्रव्य त्वचेतल्या पेशींतून सुटतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि कातडी फुगते.

'पित्त म्हणजे यकृतातला रस, तो अंगावर कसा उठेल, हा अडाणी शब्द आहे' असं सांगणारे भाषाशुद्धीवाले भेटतात. त्यांनी माधवाचा 'माधवनिदान' हा आयुर्वेदातला जुना ग्रंथ उघडलेला नसतो. तिथे 'शीतपित्त' हा वेगळा विकार दिला आहे : गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात बिघडतात आणि पित्ताशी मिळून त्वचेत पसरतात. आपलं 'पित्त उठणं' या परंपरेतलं आहे, अडाणीपणातलं नाही.

आता खरी गंमत. माधवाने त्या सुजेचं वर्णन 'वरटीदष्टसंस्थानः' असं केलं आहे, म्हणजे वरटी चावल्यावर दिसते तशी. वरटी म्हणजे गांधीलमाशी. अमरकोशात वरटेचा पर्याय 'गन्धोली' दिला आहे आणि आपला 'गांधील' तिथूनच आला. मग अंगावर उठते ती 'गांध' कुठून आली? गंध, म्हणजे वास, इथून ती ओढून आणणारे आहेत. पण पित्ताच्या पुरळाला वास कसला? माझं मत असं की गांधीलमाशी जे उठवते ती गांध, आणि तसंच दिसणारं जे जे उठतं तेही गांध. जी उपमा संस्कृत ग्रंथकाराने दिली, तीच मराठीने एका शब्दात मुरवली. लॅटिनमध्ये 'अर्टिका' ही अंगाला लागली की आग करणारी वनस्पती, तिच्यावरून अर्टिकेरिया. तिच्या काटेरी केसांत हिस्टामिन असतं, गांधीलमाशीच्या विषातही असतं आणि पित्त उठतं तेव्हा आपल्याच त्वचेत तेच सुटतं. हिस्टामिनची ओळख विसाव्या शतकातली. दोन्ही भाषांनी नुसत्या नजरेने नेमकी उपमा निवडली होती!

या सगळ्याचा दवाखान्यात उपयोग असा. समजा, एखादी बाई सांगते, 'दोन दिवस पित्त उठतंय, आमसुलाचं पाणी लावलं, तरी परत उठतं.' इथे क्रियापदं दोन आहेत : 'उठतंय' आणि 'लावलं'. आमसूल लावलं म्हणजे तक्रार त्वचेची, हे उपायावरूनच कळतं. ऐकणाऱ्याने नुसतं 'पित्त' टिपून आम्ल कमी करणारी गोळी दिली तर खाज थांबणार नाही, आणि खरा प्रश्न राहून जाईल : नवीन औषध काय घेतलं? वेदनाशामक गोळ्यांनी अशा गांधी उठणं नेहमीचं आहे. तिने गुडघेदुखीसाठी तशी गोळी नुकतीच सुरू केली असेल, तर बंद करायची ती गोळी; आमसुलाने खाज जरा निवते, कारण जात नाही.

एका गांधीभोवती पेनाने गोल काढून ठेवावा. अर्टिकेरियातली गांध चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते आणि दुसरीकडे नवी उठते. गोलातली गांध दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल, खाजण्यापेक्षा दुखत असेल, जाताना काळसर डाग ठेवत असेल, तर ती रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. तेव्हा तपासणी हवी. हे सत्र सहा आठवड्यांपलीकडे गेलं तर त्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि त्यात बहुतेक वेळा कुठलंच एक खाणं दोषी सापडत नाही. तरी घरोघरी वांगं बंद होतं ते होतंच.

आणि पित्त उठलेल्या माणसाचे ओठ किंवा जीभ सुजू लागली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर आमसूल शोधत बसू नये. त्याला अ‍ॅड्रेनालीनचं इंजेक्शन लागतं, म्हणून थेट रुग्णालयात न्यावं आणि तिथे 'पित्त झालंय' न म्हणता 'अंगावर गांधी उठल्यात आणि श्वास लागतोय' असं सांगावं.