१८६५ ते १८७५: रेषेवरची रिकामी दहा वर्षं

प्रिय विद्यार्थिनीस,

१८७५ मध्ये शेतकरी सावकारांवर उठले, त्या दख्खनच्या दंग्यांवरची तुझी स्लाइड पाहिली. आडव्या रेषेवर सहा ठिपके: १८५९ मुदतीचा कायदा, १८६१ अमेरिकेत यादवी युद्ध, १८६५ युद्धाचा शेवट, १८६७ पासून शेतसाऱ्याची फेरआकारणी, १८७५ सुप्याचा उठाव, १८७९ शेतकरी साहाय्य कायदा. सनावळीत चूक नाही. पण उत्तरात तू ‘त्यानंतर’ पाच वेळा लिहिलं आहेस, आणि ‘त्यानंतर’ने फक्त क्रम कळतो. तपासणाऱ्याला हवं असतं ते ‘त्यामुळे’, आणि त्यामुळे म्हणजे नेमकं कशामुळे.

आता पेन्सिल घे आणि दोन ठिपक्यांमधल्या प्रत्येक बाणावर एक वाक्य लिही. त्या वाक्यात करणारा माणूस हवा आणि त्याने काय केलं ते क्रियापद हवं. ‘अमेरिकेतलं युद्ध → दंगे’ असा बाण काढलास तर तो लगेच अडकेल, कारण मध्ये कुणीच माणूस नाही. तोच बाण असा फोड: अमेरिकेतून कापूस येईना म्हणून ब्रिटनच्या गिरण्यांनी हिंदुस्थानातून कापूस मागवला, भाव चढले, तशी सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ उचल दिली, १८६५ मध्ये युद्ध संपलं, मागणी ओसरली, भाव उतरले, आता वसुलीची खात्री राहिली नाही म्हणून सावकारांनी नवं कर्ज देणं बंद केलं. एका बाणाचे अनेक झाले, आणि सगळे पटतात.

आता खरी अडचण. भाव उतरले १८६५ ला, तर लोक दहा वर्षं का थांबले? स्लाइडवर ही जागा कोरी आहे, आणि निबंधवजा उत्तरातले गुण इथेच आहेत. कारण संथपणे घडणाऱ्या गोष्टीला एक तारीख नसते, म्हणून ती ठिपका होत नाही. अशा गोष्टीसाठी रेषेखाली लांब पट्टी काढ. इथे दोन पट्ट्या लागतील. पहिली साऱ्याची: रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याकडून वसूल होई, आणि फेरआकारणीत तो काही ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढला, तोही भाव पडलेले असताना. दुसरी पट्टी कर्जखताची. १८५९ च्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं ग्राह्य धरलं. हेतू होता व्याजावर व्याज साचू नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं आणि थकलेलं व्याज मुद्दलात घातलं. कायदा शेतकऱ्यासाठी होता, परिणाम उलटा झाला. असा उलटा बाण दिसला की तो सोडू नकोस, त्यावर एक स्वतंत्र वाक्य खर्च कर.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जे घडलं ती ठिणगी. ठिणगीला एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा देऊ नकोस, पण तिथला एक तपशील पुराव्यासारखा वापर: लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं मागितली आणि जाळली. राग कशावर होता हे त्या कागदांवरूनच कळतं.

तुझ्या मसुद्यात एक मोठी चूक आहे. ‘दुष्काळामुळे शेतकरी पेटून उठले’ असं तू लिहिलंस. तो मोठा दुष्काळ १८७६ ते १८७८ चा, म्हणजे दंग्यांच्या नंतरचा. कारण म्हणून ठेवण्याआधी प्रत्येक घटनेची तारीख परिणामाच्या तारखेशी ताडून बघ. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

परिणाम लिहितानाही हेच. ‘सरकारने कायदा केला’ एवढ्यावर थांबू नकोस. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने साऱ्याला दोष न देता सावकाराला दिला (परकीय सरकार स्वतःच्या साऱ्याला दोष देईल, ही अपेक्षा तशी भाबडीच). म्हणून १८७९ च्या कायद्याचा रोख कर्जावर राहिला. कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद थांबली. सारा मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. आयोगाचा निष्कर्ष आणि तुझ्या दोन पट्ट्या इथे एकमेकींना भिडतात, आणि ‘दंग्यांना सावकारच जबाबदार होते का?’ असा प्रश्न आला तर तुझं मत या जागी यायला हवं.

पुढच्या वेळी स्लाइड पाठवशील तेव्हा ठिपके तेच ठेव. पट्ट्या वेगळ्या रंगात काढ आणि प्रत्येक बाणावरचं वाक्य वाचता येईल एवढं मोठं लिही.